रिटर्नचं खरं कारण यादीत नसतं

मी कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकतो. जानेवारी ते मार्च 420 जोड गेले, 71 पार्सलं परत आली. आमच्या घरात यावर एकच निष्कर्ष होता, "लोकांना फुकट रिटर्न मिळतं, म्हणून मागवतात आणि पाठवतात." मीही तसंच म्हणायचो. मग एका रविवारी रिटर्नचा रिपोर्ट एक्सेलमध्ये उघडून बसलो.

पहिलं काम म्हणजे दोन ढीग वेगळे करणं. 71 पैकी 29 पार्सलं गिऱ्हाईकाच्या हातात पोचलीच नव्हती. फोन बंद, दार बंद, कॅश ऑन डिलिव्हरी नाकारली. त्यात चपलेचा काय दोष? हे आरटीओ, म्हणजे गिऱ्हाईकाकडे न पोचताच माघारी आलेले जोड, बाजूला काढले नाहीत तर सगळा हिशोब गढूळ होतो. उरले 42, म्हणजे शंभरात दहा. आपल्या हातातलं दुखणं एवढंच.

त्यातल्या 24 जणांनी "साइज लहान" निवडलं होतं. इथे बरेच विक्रेते घाई करतात आणि "एक नंबर मोठा मागवा" असं लिहून टाकतात. मीही एकदा लिहिलं होतं, त्यानंतर "साइज मोठी" म्हणून जोड परत यायला लागले. म्हणून या वेळी कुठली डिझाइन आणि कुठला नंबर, हे पाहिलं. 24 पैकी 17 जोड कापशी डिझाइनचे, तेही 38 आणि 39 नंबरचे. त्या दोन नंबरांत कापशी विकली होती 96 जोड, म्हणजे शंभरात अठरा परत. बाकी सगळा माल मिळून 324 जोड, त्यात साइजसाठी परत आले 7. नुसते परत आलेले जोड मोजू नका, विकलेल्यांशी भागा. नाहीतर जी चप्पल सगळ्यात जास्त खपते तीच सगळ्यात वाईट दिसते.

परत आलेली कापशी टेबलावर मांडली आणि स्टीलच्या पट्टीने आतला तळ मोजला. माझ्याकडे हा माल दोन कारागिरांकडून येतो, साधारण निम्मा-निम्मा. एकाचा 38 भरला 251 मिलिमीटर, दुसऱ्याचा 245. युरोपियन मापात दोन नंबरांत फरक असतो जेमतेम पावणेसात मिलिमीटरचा, म्हणजे जवळजवळ एक अख्खा नंबर कमी. 17 पैकी 14 जोड दुसऱ्या कारागिराचे निघाले.

त्यांच्याकडे गेलो तेव्हा भांडायच्या तयारीतच होतो. काकांनी फर्मा पुढे ठेवला. पुठ्ठ्याचा, वर्षानुवर्षं कडेने रेघ मारून मारून झिजलेला. "हेच माप हाय की आमचं," म्हणाले. त्यात लबाडी कसली? मी पत्र्याचे फर्मे कापून दोघांनाही सारखेच दिले. आता माल आला की प्रत्येक नंबराचे दोन-तीन जोड मोजतो, 3 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक निघाला तर त्या नंबराचा सगळा लॉट मोजतो.

वर्णन मी यानंतर बदललं. माप चुकीचं असताना वर्णन सुधारणं म्हणजे खोटं नीट अक्षरात लिहिणं. आता नंबरासोबत आतल्या तळाची लांबी सेंटिमीटरमध्ये आहे, पट्टी ठेवलेला फोटो आहे, आणि एक वाक्य आहे: "संध्याकाळी कागदावर पाय ठेवून टाच ते सगळ्यात लांब बोट मोजा, अंगठ्याची पट्टी पहिले काही दिवस घट्ट वाटेल, चामडं वापराने सैल होतं." भावाचं म्हणणं होतं, घट्टपणाचं लिहिलं तर गिऱ्हाईक पळेल. काही पळालेही असतील. पण पळालेल्याचा कुरियरचा खर्च माझ्या डोक्यावर बसत नाही.

"क्वालिटी खराब" म्हणणारे 11 होते. हे कारण म्हणजे गाठोडं आहे, काहीही बांधा. तिथे खालची कॉमेंट वाचावी लागते. सहा जणांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच लिहिलं होतं, रंग पायाला लागतो. सहाही जोड गडद लाल. आता गडद रंगाच्या प्रत्येक लॉटमधला एक जोड ओल्या पांढऱ्या फडक्याने दहा वेळा घासतो. फडकं रंगलं की लॉट परत. एकाने मात्र "चप्पल करकर वाजते" म्हणून पाठवली आणि दुसऱ्याने "वाजतच नाही, नकली आहे" म्हणून. त्यांच्यासाठी मी काही करू शकत नाही.

एप्रिल-मेमध्ये कापशीचे 38-39 चे 60 जोड गेले, साइजसाठी परत आले 4. आकडा लहान आहे, नाचण्यासारखा नाही. शिवाय हिशोब ऑर्डरच्या तारखेने धरा, रिटर्नच्या नाही. मेअखेरची ऑर्डर जूनच्या मध्याला परत येते, त्यामुळे मी 20 जूनपर्यंत थांबूनच हे चार मोजलेत. त्यातले तीन रुंद पायाचे आहेत, आणि रुंदीचं माप वर्णनात अजून नाही. पुढच्या आठवड्यात पट्टी आडवी धरायची आहे.