पॉइंट वाढवले की कर्व्ह अचूक होतोच?

"जितके जास्त पॉइंट तितकी अचूक पॉलिनोमिअल. एरर टर्मच्या खाली (n+1)! आहे, म्हणजे एरर शून्याकडे जाणारच. टोकाला कर्व्ह हलतो तो कॉम्प्युटरच्या राउंडिंगमुळे."

सोलापुरात परीक्षा जवळ आली की हा मेसेज कॉलेजच्या ग्रुपवर फिरतो, आणि पोरं तेच पेपरात लिहून येतात म्हणून सविस्तर लिहितोय. x₀ ते xₙ या पॉइंटमधून, म्हणजे नोडमधून, जाणारी पॉलिनोमिअल p(x) घ्या आणि खऱ्या f(x) पासून ती किती चुकते त्याची पूर्ण एरर टर्म आधी बघा, ξ हा त्याच पट्ट्यातला कुठला तरी पॉइंट:

f(x) − p(x) = f⁽ⁿ⁺¹⁾(ξ)/(n+1)! · (x−x₀)(x−x₁)…(x−xₙ)

फॅक्टोरियल खाली आहे हे खरं, पण वर डेरिव्हेटिव्ह बसलाय त्याचं काय? eˣ किंवा sin x असेल तर तो आवाक्यात राहतो आणि फॅक्टोरियल जिंकतो. पण 1901 मध्ये कार्ल रुंगेने दाखवलेलं फंक्शन घ्या, 1/(1+25x²), −1 ते 1. याचा 12वा डेरिव्हेटिव्ह x=0 ला बरोबर 12!·5¹² येतो, म्हणजे फॅक्टोरियल पूर्ण कटला आणि 5¹² शिल्लक राहिला.

आता तो गुणाकार, खरी गंमत इथंच आहे आणि मेसेजमध्ये याचा पत्ताच नाही. समान अंतरावर 11 नोड घ्या, अंतर 0.2. x=0.1 ला नोड दोन्ही बाजूंना आहेत, सगळ्यात लांबचा 1.1 वर. x=0.9 ला मात्र एक सोडून सगळे नोड डावीकडेच, लांबचा थेट 1.9 वर, त्यामुळे मोठमोठी अंतरं एकमेकांना गुणली जातात. दोन्ही गुणाकार करून बघा, टोकाचा मधल्याच्या जवळपास 67 पट येतो! म्हणून मध्ये कर्व्ह छान बसतो आणि टोकाला उसळतो.

राउंडिंगचं म्हणाल तर हेच गणित अपूर्णांकात, अजिबात राउंड न करता करा. x=0.95 ला खरी किंमत 0.042, आणि 10 डिग्रीची पॉलिनोमिअल देते 1.92. 21 नोड घेतले तर सगळ्यात मोठा एरर साधारण 60 वर जातो.

रीडिंगमधली चूक ही वेगळी भानगड. समजा मे महिन्यात सकाळी 8 ते संध्याकाळी 6 दर तासाला तापमान घेतलं, 11 रीडिंग, प्रत्येकात 0.1 अंश इकडेतिकडे. समान अंतराच्या 11 नोडना ही चूक वाईटात वाईट 30 पट होऊ शकते, म्हणजे साडेआठच्या आसपास 3 अंशांचा फरक, तोही फंक्शन कितीही साधं असलं तरी.

नोड आपल्या हातात असतील तर टोकांकडे दाट घ्या, चेबिशेव्हचे: cos((2k+1)π/22), k=0 ते 10. रुंगेच्याच फंक्शनवर सगळ्यात मोठा एरर 0.11 च्या आसपास येतो. आणि घड्याळाप्रमाणे रीडिंग आधीच घेतलेली असतील तर एकच 10 डिग्रीची पॉलिनोमिअल ओढू नका, क्युबिक स्प्लाइन, म्हणजे तीन डिग्रीचे तुकडे सलग जोडलेला कर्व्ह, लावा, आणि साडेआठ व साडेपाचचं एकेक जादा रीडिंग घेऊन कर्व्हशी ताडून बघा, मध्ये दुपारी बाराला ताडून काही कळणार नाही.