सुट्टीतले व्हॅनचे शुल्क आणि दरमहाचा हिशेब

सुट्टीच्या महिन्यांचे शुल्क द्यायचे की नाही, यावरून पालक आणि व्हॅनचालक यांच्यात दरवर्षी वाद होतो. माझ्या मते तो सोडवण्यासाठी वर्षाचा खर्च एकदा मांडून पाहणे पुरेसे आहे. समजा, एका व्हॅनचा वार्षिक खर्च 100 भाग धरला आणि त्यात इंधनाचे 25, चालकाच्या पगाराचे 30, मदतनिसाचे 18 आणि हप्ता, विमा, कर व दुरुस्ती मिळून 27 भाग पडले. यांतले इंधनच काय ते चाकांबरोबर थांबते. उरलेले 75 भाग गाडी उभी असली तरी जवळजवळ तसेच लागतात, कारण दोन महिने पगाराविना राहिलेला चालक शाळा उघडेपर्यंत दुसरे काम धरतो आणि नव्या माणसाला ना वाट ठाऊक असते ना मुले.

शाळा 10 महिने भरत असेल, तर चालू महिन्यात इंधनाचे अडीच आणि स्थिर खर्चाचे सव्वासहा, असे पावणेनऊ भाग होतात. बंद महिन्यात फक्त सव्वासहा. सगळा खर्च 10 महिन्यांतच वसूल करायचा म्हटले, तर दरमहा 10 भाग पडतात. दोन्ही पद्धती रास्त आहेत. मात्र दरमहा 10 भाग घेऊन शिवाय सुट्टीचेही तेवढेच मागितले, तर वर्षाला 120 भाग जमा होतात, आणि पालकांनी हरकत घ्यायची ती इथे. म्हणून शुल्क ठरवतानाच विचारावे की, हा आकडा 10 महिन्यांचा आहे की 12 महिन्यांचा?

अंतराचा प्रश्नही याच मांडणीतून सुटतो. व्हॅनमधल्या मुलांचे सरासरी अंतर 5 किलोमीटर असेल आणि सरासरी शुल्क 100 धरले, तर 2 किलोमीटरवरच्या मुलाचे 85 आणि 8 किलोमीटरवरच्याचे 115 व्हायला हवे, कारण अंतरानुसार केवळ इंधनाचाच वाटा बदलतो. अंतर चौपट म्हणून शुल्क चौपट, हा हिशेब चुकीचाच. (अर्थात मुख्य रस्ता सोडून आडगल्लीत वळावे लागत असेल, तर जास्तीचा वेळ आणि इंधन धरावेच लागेल.) मुलांना सोडून रिकाम्या परतणाऱ्या फेरीचे इंधनही त्या 25 भागांत आले पाहिजे, ते विसरणारा चालक वर्षाच्या मध्यावर दरवाढ मागतो.

इंधन दहा टक्क्यांनी महागले, तर एकूण खर्च अडीच टक्केच वाढतो, त्यामुळे इंधनाच्या नावाखाली सरसकट दहा टक्के वाढ मान्य करू नये. उलट, शुल्क कमी करण्यासाठी मदतनीस काढण्याची सूचना आली, तर मी तिला ठाम विरोध करीन. त्या 18 भागांत मुलांना हात धरून रस्ता ओलांडून देणे आणि शेवटचे मूल उतरल्यावर प्रत्येक आसन तपासणे येते. स्टिअरिंगवर बसलेल्या चालकाकडून ते होणारे नाही.