निराधार कसे व्हावे : होतकरूंसाठी मार्गदर्शन

नवरा गेला, हातात पैसा नाही, पदरात दोन पोरं, म्हणजे आपण निराधार झालोच, असा तुमचा समज असेल तर तो आधी डोक्यातून काढा. ही नुसती पूर्वतयारी झाली. कोण निराधार आणि कोण नाही हे तहसील कचेरीत ठरतं. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून चालू आहे, महिना १,५०० रुपये मिळतात, त्यासाठी तुम्ही एक पैसाही भरलेला नसतो. त्या बदल्यात भरायचे असतात ते कागद.

मी जे सांगतोय ते ऐकीव नाही. आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशींचा अर्ज मी स्वतः भरला आहे. निवृत्त माणूस, वेळ भरपूर, आणि अक्षर चांगलं असल्याचा जुना गैरसमज.

सगळ्यात आधी उत्पन्न जमवा, म्हणजे जमवू नका. कुटुंबाचं नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत नसेल, तर वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं. महिन्याला १,७५० आणि दिवसाला साडेसत्तावन्न. यात पुण्यात कसं राहायचं, असं विचारणारे लोक नियोजनात कच्चे असतात. पीएमपीचं कमीत कमी तिकीट दहा रुपये, जाऊन येऊन वीस. अर्धा लिटर दूध तीस धरा. उरलेल्या साडेसातात तिघांचं दोन वेळचं जेवण, शाळा, औषधपाणी बसवायचं. जमत नसेल तर दूध बंद करा. चालत गेलात तर थेट श्रीमंतीच आली.

पूर्वी अनुदान ६०० रुपये होतं, २०१९ ला हजार झालं, २०२३ ला दीड हजार. मर्यादा मात्र २१,००० वरच ठाम उभी आहे. एवढी वर्षं एका जागी उभं राहणारं पुण्यात दुसरं काही दाखवा. वाहतूकसुद्धा मधूनमधून हलते.

मावशींची चार घरं. प्रत्येकी १,२०० म्हणजे महिना ४,८०० आणि वर्षाला ५७,६००. म्हणजे बाई चक्क लखपतीच्या अर्ध्या वाटेवर. तलाठ्याकडे (आता पाटीवर ‘ग्राम महसूल अधिकारी’ असं लिहितात, पाटी नवी आहे) त्यांनी हे सगळं प्रामाणिकपणे सांगितलं. लिहिणाऱ्याने पेन थांबवलं, चष्म्यावरून पाहिलं आणि अतिशय मायेने म्हणाला, “मावशी, परत सांगा.”

मावशींनी परत सांगितलं. तेच.

“चारही घरं वर्षभर असतात का? लोक गावाला जातात, सोडतात, पैसे बुडवतात. नीट आठवा.”

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. दाखल्यावर २०,००० आले. तुम्हीही आठवायला शिका. नियमच असा आहे की खरं उत्पन्न सांगणारी विधवा अपात्र, आणि उपाशी असल्याचं सांगून धडधाकट चालत आलेली पात्र. त्या पेनवाल्याला मी दोष देत नाही. त्याने नियमातली चूक स्वतःच्या अक्षरात दुरुस्त केली, आणि उद्या चौकशी लागली तर निस्तरावं लागेल ते त्याला आणि मावशींना.

दाखल्याबरोबर स्वयंघोषणा किंवा प्रतिज्ञापत्र लागतं. अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, साधा कागद चालतो. ही माहिती कृपया कचेरीबाहेरच्या टेबलवाल्यांना देऊ नका, त्यांचाही संसार आहे. ते ५०० चा स्टॅम्प घ्यायला सांगतील. दिवसाला साडेसत्तावन्न मिळवणाऱ्या बाईने नऊ दिवस उपाशी राहिलं की तो सहज येतो.

आता रेशन कार्ड. इथे भल्याभल्यांचं निराधारपण अडकतं.

मावशींचा नवरा गवंडीकाम करायचा. तो गेल्यावर दिराने त्यांना घराबाहेर काढलं नाही. ही त्याची घोडचूक. एका खोलीला पडदा लावून अर्धा भाग भावजयीला आणि पोरांना दिला, भाडं घेत नाही, सणाला पोरांना कपडे घेतो. दीर रिक्षा चालवतो, महिन्याला पंधरा हजारांच्या आसपास सुटतात. कार्ड सासऱ्याच्या वेळचं, केशरी, त्यावर सगळ्यांची नावं. खिडकीवर कार्ड उलगडलं गेलं, बोट एकेका नावावरून फिरलं आणि दिराच्या नावावर थांबलं. “हे कमावतात ना? मग तुम्ही निराधार कशा?”

बरोबरच आहे. पडदा कार्डावर दिसत नाही.

तेव्हा वेळीच सावध व्हा. सासरचे लोक चांगले निघाले, तर त्यांच्याशी तातडीने भांडण काढा आणि विभक्त कार्ड करून घ्या. जुन्या कार्डातून नावं कमी करायची, त्याला कार्ड ज्याच्या नावावर आहे त्याची संमती, मग वेगळी चूल दाखवून नवीन कार्ड. मावशींनी दिरापुढे संमतीचा कागद धरला तेव्हा तो रिक्षा पुसत होता. फडकं तसंच हातात धरून म्हणाला, “वहिनी, मी काय कमी केलं?” त्याला मी समजावायला गेलो की हे फक्त कागदावर आहे. त्याने सही केली, पण चार दिवस पडद्याच्या पलीकडून कोणी बोललं नाही. अर्जात ‘कुटुंबाचा आधार आहे का’ याचं उत्तर तोपर्यंत आपोआप खरं होत आलं होतं.

बाकीचे कागद किरकोळ आहेत. नवऱ्याचा मृत्यू दाखला, वयाचा पुरावा, महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहत असल्याचा दाखला, आधार, पासबुक, फोटो. फक्त नाव सगळीकडे एकच हवं. मावशींच्या आधारवर माहेरचं नाव, मृत्यू दाखल्यात नवऱ्याच्या आडनावाला एक काना जास्त. त्या कान्याला तीन आठवडे लागले. नवरा मरण्यापूर्वी त्याचं नाव शुद्धलेखनाच्या नियमांनुसार तपासून घेतलेलं बरं.

अपंगत्वाच्या बाजूने अर्ज करणार असाल तर तिथे सवलती आहेत. उत्पन्नाची मर्यादा ५०,००० आणि ऑक्टोबर २०२५ पासून अनुदान २,५००. मात्र प्रमाणपत्रावर ४० टक्के हवेत. ३८ असतील तर दोन टक्क्यांनी नापास, आणि इथे ग्रेस मार्क नाहीत. केंद्राच्या महिना तीनशे रुपयांच्या पेन्शनमध्ये बसायचं तर ८० टक्के लागतात. सरकारी रुग्णालयाचं जुनं कागदी प्रमाणपत्र जपून ठेवलं असेल तर ते आठवण म्हणून ठेवा, आता swavlambancard.gov.in वरून निघालेलं कार्ड विचारतात.

केंद्राचे तीनशे ही मौज विधवांनाही आहे. दारिद्र्यरेषेखालची, चाळीस पूर्ण झालेली विधवा असेल तर तीनशे दिल्लीचे आणि उरलेले बाराशे राज्याचे, एकूण तेच दीड हजार. ते तीनशे २०१२ पासून तीनशेच आहेत. मावशी बेचाळीसच्या, पण यादीत नाव नसल्याने दिल्लीला त्यांची कल्पना नाही.

अर्ज सेतूतून ऑनलाइन गेला की तलाठ्याची चौकशी, मग तालुक्याच्या समितीपुढे. समितीचा अध्यक्ष अशासकीय असतो, म्हणजे पालकमंत्र्यांच्या माहितीतला. समिती अस्तित्वात नसेल तर अधिकारी निर्णय घेतात, निवडणूक लागली तर आचारसंहिता निर्णय घेते. पैसे मंजुरीपासून सुरू होतात, अर्जाच्या तारखेपासून नाही, त्यामुळे बैठक पुढे गेली की वाचलेले महिने सरकारचे. अर्ज केल्याची पोचपावती तेवढी सोडू नका. मावशी ती ब्लाउजमध्ये ठेवायच्या आणि भांडी घासताना ओली करायच्या. शेवटी मी प्लास्टिकच्या दुधाच्या पिशवीत घालून दिली.

आठव्या महिन्यात अर्ज मंजूर झाला. पेढे मीच आणले. दोन महिने खात्यावर काही नाही. बँक म्हणते आधार लिंक आहे, कचेरी म्हणते पैसे गेले. दोघेही खरं बोलत होते. खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं, आणि सरकारी पैसे कुठे टाकायचे त्या राष्ट्रीय नोंदीत तुमचं कुठलं खातं आहे हे वेगळं. तिथे एका वेळी एकच खातं असतं आणि शेवटी जोडलेलं जिंकतं. आधारच्या संकेतस्थळावर `Bank Seeding Status` असं लिहिलेलं आहे, तिथे आधार क्रमांक आणि मोबाइलवर आलेला ओटीपी टाकला की बँकेचं नाव दिसतं. मावशींचं निघालं दुसऱ्याच बँकेत, गॅसच्या सबसिडीच्या वेळी कुणीतरी शिबिरात उघडून दिलेलं. पासबुक कधीच हरवलेलं.

त्या बँकेत अंगठा लावायला सांगितला. मशीन म्हणालं, ओळख पटत नाही. परत पुसून लावला, नाही. दुसरा हात, नाही. वीस वर्षं भांड्याच्या पावडरीने रेषा घासून गुळगुळीत झालेल्या. तेव्हा निराधार होण्याची इच्छा असेल तर भांडी घासू नका, आणि भांडी घासत असाल तर उत्पन्न आहेच. शेवटी डोळ्याच्या मशीनवर काम झालं. ते मशीन दुसऱ्या शाखेत होतं. दरवर्षी हयात असल्याचंही स्वतः जाऊन सिद्ध करावं लागतं, म्हणून ती शाखा लक्षात ठेवली आहे.

पासबुक छापून आलं. एका ओळीत १,५००, दुसऱ्या ओळीत १,५००. मावशींनी बोटाने दोन्ही ओळी मोजल्या. पहिली ओळ लाडकी बहीणची होती, २०२४ पासून येणारी. तिला मर्यादा अडीच लाखांची, केशरी कार्डवालीला उत्पन्नाचा दाखलाही नको. तो अर्ज त्यांच्या मुलीने मोबाइलवरून एका संध्याकाळी भरला होता. तीन हजार झाले म्हणून त्या खूश होत्या. वर्षभराच्या आमच्या खटपटीचा हिशोब मीही मनातल्या मनात मांडून पाहिला.

पुढच्या महिन्यात एकच ओळ आली. नियम साधा आहे, दुसऱ्या सरकारी योजनेतून दीड हजार मिळत असतील तर ही नाही. तो मला माहीत असायला हवा होता.

मावशी पासबुक घेऊन आल्या. ओले हात पदराला पुसले. “काका, बहिणीचे आले नाहीत. म्हणजे मी आता बहीण नाही का?”

“नाही,” मी म्हणालो, “आता तुम्ही निराधार आहात.”