बेल वाजली की भुंकणं, पाहुणा आत आला की गप्प

"कुत्र्याला माणसाची नियत कळते. दारात खोटा माणूस आला की तो जीव तोडून भुंकतो, आणि आत आल्यावर गप्प बसला तर समजा माणूस चांगला आहे. तो आपल्या घराची राखण करतोय. फारच भुंकत असेल तर एक दणका द्या, मालक कोण ते कळू दे त्याला." सांगलीतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरणारा मजकूर.

नियत कळते हा मुद्दा तपासायला पाच मिनिटं पुरतात. घरातल्याच कुणालातरी मागच्या दाराने बाहेर पाठवा आणि पुढची बेल वाजवायला सांगा. बेलवर भुंकणारं कुत्रं तितक्याच जोरात दाराकडे झेपावेल. टीव्हीवरच्या मालिकेत तशीच बेल वाजली तरी अनेक कुत्री उठून धावतात, आणि दारात तर कुणीच नसतं. म्हणजे त्या क्षणी ते माणसावर नाही, आवाजावर भुंकतंय.

आवाजाला हे वजन आपणच दिलेलं असतं. बेल वाजते, लगेच खुर्ची सरकते, कुणीतरी "आलो, आलो" म्हणत उठतं, कडी निघते आणि दारात परका वास उभा राहतो. हा क्रम शेकडो वेळा घडला की पहिली खूणच पुरते. पचनक्रियेवरच्या कामासाठी 1904 चं नोबेल मिळालेल्या इव्हान पावलोव्ह यांना कुत्र्यांच्या लाळेत हेच दिसलं होतं: अन्न येण्याच्या आधीच्या खुणेनेच तोंडाला पाणी सुटायचं. इथे लाळेच्या जागी भुंकणं आहे, एवढाच फरक.

मग आत आल्यावर शांत का होतं? कुत्र्याला माणूस ओळखायचा तो नाकाने, आणि बंद दार नेमकं तेच अडवतं. दाराशी असताना त्याच्याकडे नीट बघा. ते मध्येच थांबून दाराखालच्या फटीला नाक लावतं, तेवढा वेळ भुंकणं बंद, मग पुन्हा सुरू. भुंकायला श्वास जोरात बाहेर टाकावा लागतो आणि हुंगायला आत ओढावा लागतो, दोन्ही एकदम जमत नाही. दार उघडलं की अडसर संपतो. पाहुण्याची चप्पल, पँटचा काठ, हात हुंगून झाले की हवी ती माहिती मिळते. घरची माणसं निवांत बोलताना दिसतात, पाहुणा खुर्चीत बसून हलेनासा होतो. भुंकण्याचं कारणच उरत नाही. माणूस सज्जन आहे की लबाड, याचा निकाल इथे कुठेच लागलेला नसतो.

राखणीचा मुद्दा थोडा खरा आहे. परकी चाहूल लागली की कळपाला सावध करणं कुत्र्याच्या रक्तात आहे. पण रोज गेटवर जे चालतं त्याचं मोठं कारण वेगळं आहे. विश्रामबागेतला एखादा बंगला घ्या: पुढे जाळीचं गेट, आत मोकळं सोडलेलं कुत्रं. सकाळी दूधवाला येतो, मग पेपरवाला, घंटागाडी, कुरिअरवाला, एखादा शाळकरी पोरगा. प्रत्येक जण मिनिटभरात निघून जातो, कारण त्याला जायचंच असतं. कुत्र्याचा हिशोब मात्र असा होतो: मी भुंकलो, तो पळाला. दिवसाला पाच माणसं धरली तरी वर्षाला अठराशेच्या वर वेळा हा डाव त्याने जिंकलेला असतो. म्हणून असं भुंकणं वयाबरोबर आपोआप कमी होत नाही, उलट पक्कं होतं. त्यात गेटची जाळी त्याला दाखवते पण जवळ जाऊ देत नाही, त्याची चिडचिड वेगळीच. तेच कुत्रं संध्याकाळी फिरायला नेल्यावर त्याच दूधवाल्याला अनेकदा गुपचूप हुंगून पुढे जातं.

ही चिडचिड कानाला कळते. बुडापेस्टच्या संशोधकांनी मुडी या हंगेरियन जातीच्या कुत्र्यांचं भुंकणं रेकॉर्ड करून लोकांना ऐकवलं होतं, तो अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. परक्या माणसावरचं भुंकणं खर्जातलं आणि एकामागोमाग एक, तर एकटं बांधून ठेवलेल्या कुत्र्याचं चढ्या पट्टीत आणि अंतर ठेवून. कुत्रं न पाळणाऱ्यांनाही प्रसंग बऱ्यापैकी ओळखता आले. तुमच्या गेटवरचा आवाज खर्जातून चढत किंचाळण्याकडे जात असेल, तर ती राखण कमी आणि कोंडी जास्त आहे.

उपाय इथे अगदी साधा आहे. गेटचा खालचा भाग झाका, कुत्रं मागच्या पायांवर उभं राहिल्यावर डोळे जिथे येतात त्याच्या वरपर्यंत. लॅब्राडोरसाठी साधारण चार ते पाच फूट. हिरवी शेडनेट एकेरी लावली तर हलत्या सावल्या दिसत राहतात आणि काम होत नाही, पत्रा उत्तम. जत-आटपाडीकडच्या कारवानी कुत्र्यांसाठी तर हे आधी करा, ती नजरेवर शिकार करणारी, लांबची हालचालही त्यांना पेटवते. आणि घंटागाडीच्या वेळी कुत्रं आत घ्या, म्हणजे तो डाव त्याला खेळायलाच मिळणार नाही.

दणक्याबद्दल स्पष्ट सांगायला हवं, कारण त्यातून चावे होतात. पाहुणा आला की मार बसतो, हे कुत्रं शिकतं, आणि पाहुण्याचीच भीती वाढते. गुरगुरण्यावर मारलंत तर ते गुरगुरणं सोडेल आणि पुढच्या वेळी सूचना न देता चावेल. ओरडण्याने काही साधत नाही; मालकाचा चढलेला आवाज त्याला आणखी पेटवतो.

म्हणूनच गप्प बसलेलं प्रत्येक कुत्रं निवांत असतं असं नाही. अंग ताठ, तोंड घट्ट मिटलेलं, डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय, वारंवार ओठ चाटणं, झोप नसताना जांभया: हे दबलेलं कुत्रं आहे. निवांत कुत्र्याचं तोंड सैल असतं, ते कुशीवर कलून पडतं. दबलेल्या कुत्र्याच्या बाबतीत धोक्याची वेळ पाहुणा निघायला उठतो तीच, कारण हालचाल पुन्हा सुरू होते. पाहुणा उठण्याआधीच कुत्र्याला दुसऱ्या खोलीत न्या.

बेलचा अर्थ बदलायचा असेल तर आपल्याच बेलचा आवाज फोनवर रेकॉर्ड करा. तो इतका हळू वाजवा की कुत्रं कान टवकारेल पण उठणार नाही. आवाज झाल्यावर एक-दोन सेकंदांत वाटाण्याएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा, दाराजवळ नाही, त्याच्या अंथरुणावर. एका बैठकीत आठ-दहा वेळा, दिवसातून दोनदा. आवाज ऐकून ते स्वतःहून अंथरुणाकडे वळायला लागलं की एक घर आवाज वाढवा. मग खरी बेल, घरच्या माणसाने वाजवलेली, आणि सगळ्यात शेवटी ओळखीचा पाहुणा.

बिघडतं ते बहुतेक दोन ठिकाणी. एक, चिकनचा डबा आधी उघडला जातो आणि बेल नंतर वाजते. मग कुत्रं डब्याचा आवाज शिकतं, बेलचा नाही. दुसरं, सराव चालू असताना खरी बेल दिवसभर वाजत राहते आणि सकाळचं शिकवलेलं संध्याकाळी पुसलं जातं. तेवढे आठवडे बेलचं बटण बंद ठेवा आणि येणाऱ्यांना गेटवरून फोन करायला सांगा. आवाज वाढवल्यावर भुंकणं सुरू झालं तर रागावू नका, मागच्या पातळीवर परत जा. आजवर शांत असलेलं वयस्क कुत्रं अचानक भुंकायला लागलं, किंवा कधी कुणाला चावलं असेल, तर हा सराव घरी सुरू करण्याआधी त्याला पशुवैद्यांना दाखवा. दुखणं किंवा कमी झालेली नजर-ऐकू येणं चिकनने बरं होत नाही.