कॉपी नव्याने लिहिली, तरी नाव एजन्सीचंच का?

प्रतिक्रिया: "एजन्सीची कॉपी नव्याने लिहिली तरी श्रेय एजन्सीलाच, हा तुमचा नियम डेस्कवर बसून कधी काम न केलेल्या माणसाचा वाटतो. एजन्सीची कॉपी आम्ही पूर्ण नव्याने लिहितो, वर दोन फोनही करतो. तरी 'वृत्तसंस्था' असंच छापायचं? मग उपसंपादकाच्या मेहनतीचं काय?"

उत्तर: मेहनतीबद्दल वाद नाही. पण बायलाइन, म्हणजे बातमीवरचं नाव, भाषेसाठी नसते, माहिती कोणी मिळवली हे सांगण्यासाठी असते. बातमी सुंदर लिहिली म्हणून ती तुमची होत असती, तर प्रत्येक चांगला उपसंपादक रोज डझनभर गावांत हजर असता!

तुमच्यासारखंच एक उदाहरण घेऊ. कारखान्याला आग लागल्याची दहा परिच्छेदांची एजन्सी कॉपी आली. तुम्ही इंट्रो बदलला, क्रम बदलला आणि अग्निशमन अधिकाऱ्याला फोन करून जखमींचा ताजा आकडा घेतला. आता एजन्सीची माहिती काढून टाकून बघा. उरतो तो एक आकडा आणि एक अवतरण. म्हणजे श्रेय 'प्रतिनिधी आणि वृत्तसंस्था' असं जोडून द्यावं, किंवा बातमी एजन्सीच्या नावावर ठेवून शेवटी तुमच्या माणसाचा उल्लेख करावा. फोन न करता फक्त भाषा बदलली असेल, तर निव्वळ 'वृत्तसंस्था'. उलट, घटनेची सगळी माहिती तुम्ही स्वतः फोनवरून पुन्हा मिळवली आणि एजन्सीचं एकच अवतरण घेतलं, तर बायलाइन खुशाल तुमची. त्या अवतरणापुढे एजन्सीचं नाव वाक्यातच येऊ द्या.

डेटलाइनला, म्हणजे बातमीच्या सुरुवातीच्या गावाच्या नावाला, मात्र जास्त जपायला हवं. तुमच्या माणसाचं नाव आणि खाली आगीच्या गावाची डेटलाइन, म्हणजे तो तिथे होता असाच अर्थ वाचक घेतो. तो ऑफिसातून फोनवर होता, तर डेटलाइन काढा.

आणि नुसता पाय लावून येणंही पुरत नाही. 2002 मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या रिक ब्रॅग यांनी फ्लोरिडातल्या ॲपलाचिकोला इथल्या कालवं पकडणाऱ्यांवर लेख लिहिला. डेटलाइन तिथली, बायलाइन एकट्या ब्रॅग यांची. ते तिथे थोडा वेळ गेलेही होते, पण मुलाखती आणि जागेवरचं वार्तांकन एका फ्रीलान्सरने केलं होतं. मे 2003 मध्ये पेपरने खुलासा छापला की त्या फ्रीलान्सरची बायलाइनही हवी होती. ब्रॅग यांनी काही दिवसांत राजीनामा दिला. लेखन त्यांचंच होतं, हे पेपरने नाकारलं नव्हतं.

एक रोकडं कारणही आहे, जे डेस्कवाल्यांना लगेच पटावं. एजन्सी रात्री उशिरा दुरुस्ती पाठवते, कधी अख्खी बातमी मागे घेते. तेव्हा शिफ्टवरचा माणूस वेबसाइटवर एजन्सीच्या नावाने शोधतो. श्रेय पुसलेली, 'प्रतिनिधी' म्हणून लावलेली कॉपी त्याला सापडतच नाही. चुकीचा आकडा तसाच राहतो, तोही तुमच्या माणसाच्या नावावर.