प्रतिक्रियेला उत्तर : बँकेत भरलेली रोख दोन बाजूंना का?

«लेख वाचला. बँकेत भरलेली रोख आपण दोन्ही बाजूंना लिहिता, म्हणजे एकच रक्कम दोनदा मोजता. अशाने उलाढाल उगाच फुगते. सूट रकान्याची शिल्लक का काढत नाहीत, तेही सांगितलेले नाही. तक्त्यातील तारखा जुळत नाहीत. निवृत्तांनी मुलांना असे काही शिकवू नये.»

महोदय,

तारखांची चूक मला मान्य आहे. नावे बाजूला 5 आणि जमा बाजूला 6 असे छापले गेले. दोन्हीकडे 5 हवे होते. मात्र निवृत्तीचा उल्लेख कशासाठी, हे कळले नाही. सोलापुरात चाटी गल्लीतील एका कापड पेढीवर मी 22 वर्षे रोख पुस्तक लिहिले असून, 'दोनदा मोजता' हा शब्दप्रयोग तेथे उमेदवारी करणाऱ्या पोरानेही केला नसता.

आपण 'रक्कम' पाहता, रकाना पाहत नाही. तीन रकान्यांच्या पुस्तकात रोख रकाना हे रोख खाते असते आणि बँक रकाना हे बँक खाते. केवळ सोयीसाठी ती एका पानावर शेजारी मांडलेली असतात. समजा, आरंभी रोख 18,400 आणि बँकेत 42,000 रुपये आहेत. चादरींची रोख विक्री 26,600 झाली आणि 30,000 रुपये बँकेत भरले. नावे बाजूला तपशिलात 'रोख खाते' लिहून 30,000 बँक रकान्यात मांडायचे, जमा बाजूला 'बँक खाते' लिहून तेवढेच रोख रकान्यात मांडायचे. रोख शिल्लक 15,000 उरते, बँक शिल्लक 72,000 होते. दोन रकान्यांची आडवी बेरीज कोणी करत नाही, मग फुगले काय? आपल्या म्हणण्याप्रमाणे केवळ जमा बाजूला लिहिले, तर गल्ला बरोबर जुळेल, पण पुस्तकात बँक शिल्लक 42,000 आणि पासबुकात 72,000 दिसेल.

रक्कम खरोखर दोनदा मोजली जाते ती खतावणीत, आणि ते मी स्वतः भोगले आहे. एका नव्या कारकुनाने खातेपानाच्या रकान्यातील 'प्र' ही प्रतिनोंदीची खूण न पाहता जमा बाजूची नोंद खतावणीत वेगळे बँक खाते उघडून नावे टाकली. तेरीज नेमकी भरलेल्या रकमेने चुकली आणि ती शोधण्यात माझी रात्र गेली. त्या खुणेचा अर्थच असा की दोन्ही खाती याच पुस्तकात पुरी झालेली आहेत, त्यामुळे पुढे खतवायचे काही उरलेले नाही.

जुन्या देशी कीर्दीत डावी बाजू जमेची असे. आपला गोंधळ तेथून आला असल्यास मी समजू शकतो. सूट रकान्याची फक्त बेरीज करून ती सूट खात्यावर नेतात. एवढे कोणत्याही शालेय पुस्तकात सापडेल.