v(0)/s कपॅसिटरच्या पोटातच असतो

"s-डोमेनमधला शॉर्टकट: कपॅसिटरला v(0)/s आणि इंडक्टरला i(0)/s, दोन्ही सिरीजमध्ये व्होल्टेज सोर्स म्हणून लावा. कपॅसिटरचा व्होल्टेज हवा असेल तर करंटला 1/sC ने गुणा, झालं. सुपरपोझिशन करताना हे सोर्स सोडून द्या, ते खरे नसतातच."

परीक्षा जवळ आली की हा मेसेज फिरायला लागतो. त्यातलं पहिलं वाक्य अर्धं बरोबर आहे, म्हणून बाकीचंही खपून जातं. एकच सर्किट घेऊन बघू. 10 व्होल्टची बॅटरी, 3 ओहम, 1 हेन्री आणि 0.5 फॅरड, सगळं सिरीजमध्ये. t = 0 ला स्विच जोडला जातो तेव्हा कपॅसिटरवर आधीच 4 व्होल्ट आहेत आणि इंडक्टरमधून 1 अँपिअर वाहतोय. करंट कपॅसिटरच्या प्लस टोकातून आत जातो.

आधी इंडक्टर. v = L di/dt चा लाप्लास घेतला की sLI − L·i(0) येतं. म्हणजे सिरीजमधला सोर्स L·i(0) आहे, त्याच्याखाली s नाही, आणि तो करंटला पुढे ढकलतो. i(0)/s हे पदही खरं आहे, पण ते पॅरललमध्ये लावायच्या करंट सोर्सचं. मेसेज लिहिणाऱ्याने एका आकृतीतला सोर्स उचलून दुसरीत बसवलाय. चूक पकडायला एककं पुरतात: व्होल्टेजच्या लाप्लासचं एकक व्होल्ट-सेकंद असतं. हेन्री गुणिले अँपिअर म्हणजे व्होल्ट-सेकंदच. i(0)/s म्हणजे मात्र अँपिअर-सेकंद, तो व्होल्टेजच्या बेरजेत बसणारच नाही.

आपल्या लूपचं समीकरण असं होतं:

```
I(s)·(s + 3 + 2/s) = 10/s + 1 − 4/s
I(s) = (s + 6) / ((s+1)(s+2))
i(t) = 5e^(−t) − 4e^(−2t)
```

t = 0 ला 5 − 4 = 1 अँपिअर, म्हणजे दिलेला करंट परत मिळाला. आता मेसेजप्रमाणे मधल्या 1 च्या जागी 1/s टाका. उत्तर 7(e^(−t) − e^(−2t)) येतं आणि t = 0 ला करंट शून्य. इंडक्टरमधला 1 अँपिअर एका क्षणात कुठे गेला? तो असा गायब होऊच शकत नाही. सोर्सची दिशा उलटी धरली तर हीच तपासणी −1 दाखवते. म्हणून आंशिक अपूर्णांकांच्या वाटेला जाण्याआधी, s अनंताकडे नेऊन sI(s) किती येतो ते बघायची सवय लावा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

खरा घोळ करंटला 1/sC ने गुणण्यात आहे. मी शिकवतो तेव्हा सर्वात जास्त मार्क इथेच जाताना बघतो, कारण तोवरचं सगळं गणित बरोबर असतं. आकृतीत 1/sC आणि v(0)/s अशा दोन वेगळ्या वस्तू दिसतात, पण खऱ्या कपॅसिटरची दोन टोकं त्या दोघांच्या बाहेर आहेत. मधला जोड फक्त कागदावर आहे, तिथे मीटरची पिन लावता येत नाही. नुसतं 2I/s घेतलं तर 6 − 10e^(−t) + 4e^(−2t) मिळतं: सुरुवातीला शून्य, शेवटी 6 व्होल्ट. पण सुरुवातीला 4 दिलेत, आणि शेवटी करंट थांबल्यावर बॅटरीचे पूर्ण 10 कपॅसिटरवर यायला हवेत. 4/s मिळवला की दोन्ही टोकं जुळतात:

```
Vc(s) = 4/s + (2/s)·I(s)
vc(t) = 10 − 10e^(−t) + 4e^(−2t)
```

इंडक्टरचंही तेच: त्याचा व्होल्टेज sLI − L·i(0), नुसता sLI नव्हे. करंट सोर्सवालं मॉडेल घेतलं की ही भानगड करंटच्या बाजूला सरकते. तिथे कपॅसिटरचा करंट म्हणजे 1/sC ची फांदी आणि C·v(0) चा सोर्स, दोन्ही मिळून.

"खरे नसतातच" याला काय म्हणावं? स्विच जोडला जाताना कपॅसिटरमध्ये 4 ज्यूल आणि इंडक्टरमध्ये अर्धा ज्यूल साठलेला आहे, आणि ते दोन सोर्स हीच ऊर्जा दाखवतात. एकट्या बॅटरीचं उत्तर 10e^(−t) − 10e^(−2t), एकट्या इनिशियल कंडिशनचं −5e^(−t) + 6e^(−2t). बेरीज केली की वरचा i(t) हुबेहूब मिळतो. दुसरा भाग सोडला तर सुरुवातीचा करंट पुन्हा शून्य.

हे सोर्स शून्य करायच्या जागाही आहेत. ट्रान्सफर फंक्शन काढताना ते शून्यच धरतात, आणि थेव्हेनिनचा इम्पीडन्स काढतानाही बॅटरीबरोबर तेही मारले जातात. पण थेव्हेनिनचा व्होल्टेज काढताना त्यांना परत जागेवर ठेवावं लागतं.